शब्दामागे दीड रुपया, पण कुठल्या शब्दामागे?

विषय दिलाय मराठी पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतराची सॅम्पलची पानं प्रकाशकाकडे कशी पाठवायची, त्यावर येतेच, पण आधी पैशाचं बोलू द्या कारण ते माझ्या मनात फार दिवस आहे. एक वाक्य सांगते, बोटांवर मोजा. ‘आजोबांच्या घरासमोरच्या चिंचेखाली पोरं खेळायची.’ किती झाले? पाच. आता इंग्रजीत, द चिल्ड्रन यूझ्ड टू प्ले अंडर द टॅमरिंड ट्री इन फ्रंट ऑफ ग्रँडफादर्स हाउस. चौदा! आपली मराठी ‘समोरच्या’, ‘खाली’ असं सगळं शब्दाला चिकटवते, इंग्रजीत ते सुटं होतं, वर ‘द’ येतात ते वेगळेच.

माझ्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशकाने लिहिलं, शब्दामागे दीड रुपया. मी आनंदाने हो म्हटलं, घरी पेढे आणले. मूळ मराठी कादंबरी 40 हजार शब्दांची, माझं इंग्रजी झालं 56 हजार. मी बिल केलं 84 हजारांचं आणि हातात आले 60 हजार, कारण त्यांनी मोजले मराठी शब्द. करारात नुसतं ‘शब्द’ होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. 24 हजार गेले, आणि ते काम मी सात महिने रात्री जागून केलं होतं हो! सगळ्या पुस्तकात पाचाचे चौदा होत नाहीत, संवाद जास्त असले तर फरक कमी पडतो, म्हणून दर सांगण्याआधी चार-पाच पानं करून दोन्हीकडचे शब्द मोजा. मराठी शब्दांवरच पैसे देणार असतील तरी चालेल, पण मग माझ्या हिशेबात दर दोन रुपये दहा पैसे व्हायला हवा होता, तेव्हा कुठे ते 84 हजार होतात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, तर सॅम्पलचं भरभर सांगते. आधी हक्क विचारा. भाषांतराचा हक्क लेखकाकडे, तो गेला असेल तर साधारणपणे वारसांकडे, आणि मृत्यूनंतर 60 वर्षं तो राहतो. कधी तो आधीच दुसऱ्याला दिलेला असतो आणि मग तुमची मेहनत पाण्यात. आठ-दहा पानं पुरतात, सोबत मूळ मराठी पानं जोडा. पहिलंच प्रकरण पाठवायचं असं काही नाही, जिथे माणसं बोलतात ते निवडा. ‘काय गं, जेवलीस का?’ यातला ‘गं’ इंग्रजीत कुठे ठेवलात, आत्या आणि मावशी दोघींना आंट केलंत की आत्या आत्याच राहिली, संपादक हेच बघतो.

आणि मेलमध्ये दर लिहाल तेव्हा तिथेच लिहा, ‘तयार इंग्रजी मजकुराच्या शब्दांवर’.