गुडघ्यातला गंज

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड, सकाळ. हळदीचे सौदे. उन्हाच्या तिरपेत पिवळी धूळ. पाठीवर पोती घेऊन चाललेले हमाल.)

हळदीचे सौदे सुरू झाले की यार्डात माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या होतात. व्यापारी ढिगात हात घालतो, हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच भाव बोलतो. इथं रंग बघायला कुणाला शिकवावं लागत नाही.

(दृश्य: पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेला हमाल. विजार गुडघ्यापर्यंत वर घेतो. डावा गुडघा, मग उजवा.)

हे दादा 31 वर्षांचे. नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून घेत नाही. अडीच वर्षांपासून उजवा गुडघा सुजतोय. फक्त उजवा. मार लागलेला नाही, ताप नाही, बोटांचे सांधे धड, डावा गुडघा धड.

(दृश्य: दादा कॅमेऱ्याकडे न बघता बोलतात.)

"पाणी काढलं की आठ-पंधरा दिस बरं वाटायचं. मग परत टम्म. पोतं घेऊन उठताना आत कायतरी भरल्यागत व्हायचं."

असं पाणी तीनदा काढलं, वेगवेगळ्या ठिकाणी. एकदा सुई मारून स्टेरॉइडही दिलं. त्यानंतर कुणीतरी सांध्याचा टीबी असावा म्हटलं आणि पाच महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. आपल्याकडे एकच सांधा महिनोन्‌महिने सुजला तर टीबीची शंका घ्यायलाच हवी, त्यात चूक नाही. पण गोळ्या सुरू करण्याआधी आतला तुकडा तपासला गेला नव्हता. आणि तिन्ही वेळा काढलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं गेलं.

(दृश्य: मिरज, दवाखान्याची खोली. सिरिंजमध्ये हळूहळू चढणारं द्रव. खूप जवळून.)

चौथ्यांदा पाणी काढलं तेव्हा आमचा कॅमेरा तिथं होता. हे चित्र थोडं थांबवून बघा. निरोगी सांध्यातलं पाणी फिकट पिवळसर आणि इतकं स्वच्छ असतं, की नळीच्या पलीकडची अक्षरं वाचता येतात. टीबीत आणि सुजेच्या संधिवातात ते गढूळ होतं. हे मात्र कोऱ्या चहासारखं आहे, तांबूस तपकिरी. म्हणजे आत रक्त झिरपतंय, तेही आजचं नाही, जुनं. मार नसताना एकाच सांध्यात पुन्हापुन्हा असं पाणी आलं, तर डॉक्टरांच्या मनात ज्या मोजक्या आजारांची नावं येतात, त्यात पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस वर असतो. बोलताना सगळे पीव्हीएनएस म्हणतात.

(दृश्य: फळ्यावर खडूनं काढलेला गुडघा. डॉक्टरांचं बोट आतल्या रेषेवरून फिरतं.)

सांध्याला आतून पातळ अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. वंगणाचं पाणी तेच तयार करतं. या आजारात हे अस्तर जाड होतं, त्याला झालरी फुटतात, गाठी येतात. झालरी हाडांच्या मध्ये चेंगरल्या की रक्त येतं. रक्तातलं लोह अस्तरात साठतं आणि सगळं तपकिरी होतं. सळईला गंज चढावा तसं.

हे नाव 1941 साली जॅफी, लिख्टेनस्टाइन आणि सुट्रो या अमेरिकी डॉक्टरांनी दिलं. ही सूज आहे असं तेव्हा वाटत होतं. आता ती गाठ मानतात, कॅन्सर नसलेली, आणि तिला टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर असं नवं नाव आहे. 2006 मध्ये कळलेली गोष्ट तर फारच गमतीची. गाठीतल्या थोड्याच पेशी खऱ्या बिघडलेल्या असतात. त्या सीएसएफ-1 नावाचं प्रथिन भरमसाट सोडतात आणि त्या प्रथिनाकडे शरीरातल्या चांगल्या पेशी धावत येतात. गुऱ्हाळावर ढेप एक आणि माशा हजार, तसं. आपल्याला दिसणारी गाठ बहुतेक त्या माशांचीच असते.

(दृश्य: एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरलेली.)

दादांचा एक्स-रे जवळजवळ निर्दोष आहे. हाडांमधलं अंतर शाबूत, हाडं पोखरलेली नाहीत. गुडघ्यात जागा ऐसपैस असते, त्यामुळे गाठीला हाडात शिरायची घाई नसते. खुब्यासारख्या घट्ट सांध्यात ती लवकर शिरते. या एक्स-रेत आणखी एक गोष्ट नाही: चुन्याचा, म्हणजे साठलेल्या कॅल्शियमचा, एकही पांढरा ठिपका नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

(दृश्य: एमआरआयचं यंत्र. ठक-ठक आवाज पूर्ण ऐकू द्यावा. मग पडद्यावर गुडघ्याची काळी-पांढरी चित्रं.)

एमआरआयमध्ये चित्र उमटतं ते मुख्यतः शरीरातल्या पाण्यामुळे. मोठ्या चुंबकात पाण्यातले हायड्रोजनचे कण रेडिओ लहरीनं हलवले, की ते क्षणभर एका लयीत परत लहरी सोडतात. लेझीमचं पथक एका ठेक्यात चाललं की आवाज खणखणीत येतो ना, तसं. जवळ लोह असेल तर तिथलं चुंबकीय क्षेत्र बिघडतं. कुणी पुढं, कुणी मागं, ठेका तुटतो आणि आवाज विझतो. तेवढी जागा चित्रात काळी येते.

हे डावीकडचं चित्र टी-2 प्रकारचं. यात पाणी पांढरं दिसतं. पांढऱ्या पाण्यात तरंगणाऱ्या या काळपट झालरी बघा, वाटीच्या वर, दोन्ही कडांना आणि थेट मागं, खोबणीपर्यंत. टी-1 या दुसऱ्या प्रकारच्या चित्रातही त्या काळपटच आहेत. साधं सुजलेलं अस्तर टी-2 मध्ये इतकं काळं दिसत नाही.

आता उजवीकडचं. त्याच गुडघ्याचं, त्याच जागेचं. याला ग्रेडियंट एको म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत मध्येच आणखी एक लहर देऊन मोडलेला ठेका बराचसा सांधून घेतात. इथं ती दुरुस्ती नसते. म्हणून लोहाचा डाग नुसता काळा राहत नाही, तो असतो त्याहून मोठा, फुगलेला दिसतो. रेडिओलॉजिस्ट याला ब्लूमिंग म्हणतात. ही तपासणी काही मिनिटांची असते, पण गुडघ्याच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ती असेलच असं नाही, मागून घ्यावी लागते. चिठ्ठीवर नुसतं 'गुडघा एमआरआय' लिहिलं तर लिगामेंट आणि गादी बघून अहवाल येऊ शकतो. चिठ्ठीत 'एकच सांधा, तपकिरी पाणी' एवढं लिहिलं, की यंत्रावर बसलेल्या माणसाला काय शोधायचं ते कळतं.

(दृश्य: डॉक्टर दादांना विचारताहेत.)

"दादा, लहानपणी दात पडल्यावर, खरचटल्यावर रक्त लवकर थांबायचं का?"

हा प्रश्न उगीच नाही. हिमोफिलियातही सांध्यात रक्त साठतं आणि एमआरआय असाच काळा येतो. दादांच्या रक्त गोठण्याच्या चाचण्या व्यवस्थित आल्या. मग दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा घेतला. त्यात टीबीचे जंतू मिळाले नाहीत. अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी आणि लोहानं भरलेल्या पेशी मिळाल्या. म्हणजे हा पीव्हीएनएसच. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या.

(दृश्य: स्टीलची वाटी. तिच्यात खडखडत पडणारे पांढरे मोत्यासारखे दाणे.)

हे दुसऱ्याच गुडघ्यातलं आहे. तासगाव भागातल्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका मावशींच्या. त्यांचाही एकच गुडघा सुजायचा, पण त्यांची तक्रार वेगळी होती: बसून उठताना गुडघा अडकायचा, हलवल्याशिवाय सुटायचा नाही. शाळूच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचे हे 38 दाणे आम्हीच मोजले. याला सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस म्हणतात. यात अस्तरातच कूर्चेच्या गाठी तयार होतात, सुटतात आणि सांध्यात फिरतात. काही पुढं चुना धरून कडक होतात.

(दृश्य: दोन एमआरआय शेजारी शेजारी. मग मावशींचा एक्स-रे.)

इथं फसगत होते. चुना भरलेला दाणाही एमआरआयवर काळाच दिसतो. दोन्ही चित्रं समोर ठेवली तर आमच्यासारख्याला सारखीच वाटतात. तेव्हा तो साधा, स्वस्त एक्स-रे काढायचा. मावशींच्या एक्स-रेत जवळपास एकाच मापाचे गोल दाणे स्वच्छ दिसतात, दादांच्या एक्स-रेत एकही नाही. पीव्हीएनएसमध्ये चुना जवळजवळ कधीच धरत नाही.

उलटी फसगतही आहे. दाण्यांनी चुना धरलेला नसेल तर एक्स-रे कोरा येतो. एमआरआयच्या टी-2 चित्रात कूर्चा पाण्यासारखीच पांढरी दिसते आणि 'नुसतं पाणी आहे' असा अहवाल निघू शकतो. त्या वेळी टी-1 चित्र बघायचं. त्यात पाणी काळपट राहतं आणि दाणे त्याहून थोडे उजळ दिसतात.

मावशींचं अस्तर शांत झालेलं होतं, म्हणून दाणे काढले आणि तेवढ्यावर भागलं. अस्तर अजून दाणे तयार करत असतं, तर तेही काढावं लागलं असतं.

(दृश्य: शस्त्रक्रियेच्या खोलीतला पडदा. दुर्बिणीचं चित्र. तपकिरी झालरी पाण्यात डुलताहेत.)

दादांचा गुडघा आतून असा आहे. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ डोळ्यांसमोर आणा, फक्त हिरव्याऐवजी गंजाच्या रंगाचं. मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवलाय, म्हणून चित्र इतकं स्वच्छ आहे.

सायनोव्हेक्टमी म्हणजे हे अस्तर खरवडून काढणं. हातातलं फिरतं पातं झालर कापतं आणि त्याच नळीतून ओढून घेतं. सुरुवात वाटीच्या वरच्या कप्प्यापासून, कारण तिथं जागा मोठी आणि माल जास्त. मग बाहेरची कड, आतली कड. आता पातं मधल्या खोबणीत आलंय. इथं दोन लिगामेंट एकमेकांना फुली मारून जातात आणि अस्तर त्यांना वेलीसारखं बिलगलेलं असतं. वेल काढायची, खांब दुखवायचा नाही. इथं हात मंदावलेला दिसेल. त्यानंतर गादीच्या खालच्या फटी. तिथं उरलेलं थोडंसंही पुन्हा वाढू शकतं. तपकिरी संपून खालचा फिकट थर दिसेपर्यंत पातं थांबत नाही. पुढच्या बाजूलाच दीड तासाहून जास्त गेला.

मागची बाजू दादांना पालथं करून, गुडघ्यामागं छेद घेऊन उघडली. तिथं पायाची मुख्य रक्तवाहिनी आणि नस हाताला लागून असते, त्यामुळे त्या वेळी कॅमेरा आत नेता आला नाही.

(दृश्य: फिजिओथेरपीचं टेबल. दादा दात-ओठ खात गुडघा वाकवताहेत. संवाद नाही.)

(दृश्य: यार्ड, सहा महिन्यांनंतर. दादा वजनकाट्याशेजारी, हातात वही-पेन.)

हमालीची मजुरी गेली, आता काट्यावर नोंदी करतात, पैसे कमी मिळतात. सांधाभर पसरलेला पीव्हीएनएस नीट काढूनही बऱ्याच जणांत परत येतो. 2019 मध्ये अमेरिकेत पेक्सिडार्टिनिब या गोळीला मान्यता मिळाली, ती सीएसएफ-1 चं बोलावणंच अडवते, पण यकृताला गंभीर इजा करू शकते.

(दृश्य: एमआरआय केंद्राच्या बाहेरचं बाकडं. दादा, बायको, मांडीवर लेक. डॉक्टर पडद्यावर बोट ठेवतात.)

पुढचा भाग स्वच्छ आहे. मागं, आतल्या बाजूला, ग्रेडियंट एकोवर एक काळा ठिपका दिसतो. शस्त्रक्रियेनंतरचं उरलेलं रक्तही असाच ठिपका ठेवतं, त्यामुळे एका चित्रावरून काही म्हणता येत नाही. तो वाढतो का, तेवढं बघायचं.

"सहा महिन्यांनी परत या. आणि दादा, ही जुनी फिल्म घेऊनच या."

(दृश्य: दादा फिल्मचं पाकीट लेकीच्या हातून घेतात, पिशवीत ठेवतात. मिरज स्थानकाकडे जाणारा रस्ता.)