त्याच रात्री, दोन ओळी

मंडळी, नमस्कार. गेल्या आठवड्यात आम्ही एका स्नेह्यांकडे सहकुटुंब जेवायला गेलो होतो. परतताना गाडीत मुलीने विचारलं, "आई, आपल्याला मजा आली हे मावशीला कोण सांगणार?" म्हटलं, "अगं, निघताना सांगितलं की." तर म्हणाली, "ते सगळेच सांगतात. चपला घालताना."

तिचं ते बोलणं अजून डोक्यातून जात नाही. खरंच, दारात सगळे एकदम बोलत असतात, कुणाचं जॅकेट सापडत नसतं. त्या गलबल्यात "छान झालं हं सगळं" कुणाच्याच लक्षात राहत नाही. मग दार लागतं आणि यजमानांपुढे उरतो भांड्यांचा ढीग, आणि मनात हुरहूर: कुणाला काही कमी पडलं नाही ना? ही हुरहूर त्या रात्रीचीच असते, म्हणून निरोपही त्याच रात्री पोचायला हवा.

घरी आल्यावर मुलीला शेजारी बसवून लिहायला घेतलं. ती म्हणाली, "जेवण मस्त होतं, असं लिही." म्हटलं, हे तर न जेवताही लिहिता येईल, तुला स्वतःला काय आठवतंय? जरा थांबून म्हणाली, "आजोबा तीच गोष्ट परत सांगायला लागले, तेव्हा मावशी 'मग पुढे?' म्हणाली."

माझ्याही हे लक्षात आलं होतं, पण ते सांगण्यासारखं आहे हे तिने दाखवलं. मग आम्ही लिहिलं: "सुखरूप पोचलो गं. अप्पांनी ती गोष्ट पुन्हा सुरू केली, तेव्हा तू 'मग पुढे?' विचारलंस आणि त्यांचा चेहरा खुलला. लेकीनेही ते टिपलंय. मनापासून आभार. उत्तर देत बसू नकोस, झोप आता."

एवढंच. उशीर झालेला, म्हणून फोन नाही. आणि हे ग्रुपवर मुळीच नाही. तिथे टाकलं असतं तर अप्पांचं विसरणं चारचौघांत मांडल्यासारखं झालं असतं. आपल्या ग्रुपवर काय होतं, तुम्ही जाणताच: एकाने हात जोडले की खाली सगळ्यांचे हात जोडलेले. त्यात यजमानांना स्वतःची संध्याकाळ कुठे सापडणार? आणि निरोप नेहमी वहिनींनाच का? मुलांना सांभाळत बसलेल्या भाऊजींनाही वेगळी ओळ लिहा की.

माझ्या जाऊबाईंना मात्र हे पटत नाही. "आपल्या माणसांत आभार कसले? सवय लावलीस, आणि एखाद्या रात्री निरोप गेला नाही, तर तीच मनाला लावून घेईल." त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही. जिच्याकडे आपलं सतत जाणं-येणं आहे, तिला दर वेळी लिहावं का? कुणाला काही सुचत असेल, तर आज निघण्याआधी मला जरूर गाठा.