पंचेचाळीस हजारांचा अंदाज आणि खरा खर्च

नमस्कार श्रोतेहो. मी मुरबाड तालुक्यातल्या एका शेतकरी गटाची खजिनदार आहे. आमचा गट तीस जणांचा, जमीन सगळी मिळून पंचेचाळीस एकर. पावसाळ्यात भात, बांधावर तूर, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी टिकतं त्यांची दहा एकरांवर भेंडी. ही शेती सेंद्रिय म्हणून प्रमाणित करून घ्यायचं आम्ही ठरवलं, तेव्हा खर्चाचा अंदाज मीच काढला होता. तो चुकला. तो कुठे आणि का चुकला ते आज सांगते, म्हणजे शहापूर, भिवंडी, अंबरनाथकडच्या एखाद्या गटाला तीच चूक करावी लागणार नाही.

आम्ही प्रमाणन करणाऱ्या एका एजन्सीकडून दरपत्रक मागवलं. नोंदणी आणि प्रमाणपत्राचे बारा हजार, निरीक्षकाचे तीन दिवस रोजी नऊ हजारांप्रमाणे सत्तावीस हजार, प्रवास आणि मुक्कामाचे सहा हजार. एकूण पंचेचाळीस हजार रुपये. भागिले तीस, माणशी दीड हजार. भातविक्रीचे पैसे हातात होते, सगळ्यांनी दीड-दीड हजार काढून दिले. मला वाटलं, काम झालं. पुढच्या कार्तिकात बँकेच्या पासबुकात काही उरलं नव्हतं, आणि निरीक्षक यायला अजून अवकाश होता.

चूक अशी झाली की दरपत्रकात फक्त बाहेरच्या माणसाचा खर्च असतो. गटाचं प्रमाणन राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली होतं. हा कार्यक्रम अपेडा, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था, चालवते. त्यात बाहेरचा निरीक्षक तिसांच्या तीस शेतांवर जात नाही, नमुन्यादाखल काही शेतं पाहतो. उरलेल्या शेतांची हमी गटाने स्वतः द्यायची असते. त्या व्यवस्थेला अंतर्गत नियंत्रण पद्धत म्हणतात. म्हणजे गटाचे स्वतःचे निरीक्षक, प्रत्येक शेताची वर्षातून दोनदा पाहणी, प्रत्येकाची शेतडायरी, नकाशा, खरेदीच्या पावत्या, विक्रीची नोंद, आणि कोणाचा माल घ्यायचा, कोणाचा नाही याचा लेखी निर्णय. बाहेरचा निरीक्षक पाहतो तो मुख्यतः हा कारभार. म्हणून एखाद्या गटाचं प्रमाणपत्र अडकतं तेव्हा दोष पुष्कळदा शेतात नसून कपाटातल्या फायलींत सापडतो.

आमच्या पहिल्या वर्षी डायऱ्या मी वाटल्या आणि म्हटलं, आपापली भरा. भाद्रपदात गोळा केल्या तर अकरा कोऱ्या निघाल्या. सात अशा, की तीन महिन्यांच्या नोंदी एकाच शाईने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या. असं लिखाण ओळखायला फार वेळ लागत नाही. ज्या दिवशी आमच्याकडे दिवसभर मुसळधार पाऊस होता, त्या दिवशी डायरीत दशपर्णी अर्काची फवारणी दाखवली होती. एका काकांनी निंबोळी पेंड ज्या तारखेला टाकली असं लिहिलं होतं, तिची पावती त्या तारखेनंतर आठ दिवसांची होती. काकांनी पेंड खरोखर टाकली होती, तारीख तेवढी आठवणीवर लिहिली. पण आठवणीवर लिहिलेल्या डायरीला पुरावा म्हणून किंमत नाही.

म्हणून दुसऱ्या अंदाजात मी सगळ्यात आधी नोंदींचा खर्च धरला. गावातली एक मुलगी, बारावी झालेली, स्कूटी असलेली, आम्ही अर्धवेळ ठेवली. महिना चार हजार मानधन आणि आठशे रुपये पेट्रोल. वर्षाचे होतात सत्तावन्न हजार सहाशे. तीस छापील डायऱ्यांचे चोवीसशे. दोन्ही मिळून साठ हजार. ती दर सोमवारी सात-आठ घरं करते आणि महिन्याभरात सगळी तीस घरं होतात. शेतकरी तोंडी सांगतो, ती तिथेच लिहून घेते, सही किंवा अंगठा घेते, पावतीचा मोबाइलवर फोटो काढते. गटाची माहिती अपेडाच्या ट्रेसनेट या ऑनलाइन व्यवस्थेत चढवायला लागणारे कागदही तीच तयार ठेवते.

अंतर्गत पाहणीचा खर्च वेगळा. तीस शेतं दोनदा म्हणजे साठ भेटी. दिवसाला तीन भेटी नीट होतात, म्हणजे वीस दिवस. गटातलेच दोघे ते दिवस आपसांत वाटून घेतात, दिवसाला पाचशे रुपयांनी ते झाले दहा हजार. फुकटात करा म्हणून मी एकदा सांगून पाहिलं होतं. भाताच्या लावणीत कोणी आपलं शेत सोडून दुसऱ्याच्या बांधावर जात नाही, आणि गेलाच तर चहा पिऊन सही करून येतो. एक पाहणी भात पोटरीत असताना आणि दुसरी भेंडी तोडणीला आल्यावर ठेवायची, कारण रिकाम्या शेतात पाहण्यासारखं फारसं नसतं.

प्रशिक्षणाला आम्ही पहिल्या वर्षी चोवीस हजार धरले. सहा हजारांप्रमाणे चार दिवस, त्यात मार्गदर्शकाचं मानधन, जेवण आणि छापील कागद आले. विषय मात्र आम्ही आमच्या शेतीतून निवडले. पहिला विषय राब. आपल्याकडे रोपवाटिकेसाठी पालापाचोळा, गवत, शेणी पसरून जाळायची रीत आजोबा-पणजोबांपासूनची आहे. सेंद्रिय मानकात जाळणं कमीत कमी ठेवायला सांगितलंय. एका दिवसात कोणी राब सोडत नाही. आम्ही चार शेतकऱ्यांच्या रोपवाटिका गादीवाफ्यावर, कुजलेलं शेणखत घालून करून दाखवल्या, तेव्हा पुढच्या हंगामात आणखी लोक तयार झाले.

दुसरा विषय भेंडीचं बियाणं. बाजारातलं संकरित बियाणं बहुतेक वेळा रंगीत असतं, कारण त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. ते पेरलं की त्या शेताची पंचाईत झाली. प्रक्रिया न केलेलं बियाणं दुकानदाराकडे पेरणीच्या दीड-दोन महिने आधी मागावं लागतं आणि तसं लेखी घ्यावं लागतं. तिसरी गोष्ट गोण्यांची. मला स्वतःला ती सुचलीच नसती. घरोघरी भात युरियाच्या रिकाम्या गोण्यांत भरलेलं असतं. नव्या गोण्यांसाठी अंदाजात पाच हजारांची ओळ आली ती तेव्हापासून. फवारणीचा पंपही शेजाऱ्याकडून मागून आणायचा नाही, हे प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगावं लागतं.

आता पूर्ण बेरीज ऐका. नोंदींचे साठ हजार, अंतर्गत पाहणी दहा, प्रशिक्षण चोवीस, एजन्सी पंचेचाळीस, गोण्या पाच. कीटकनाशकांच्या अंशाची प्रयोगशाळेतली तपासणी आम्हाला नमुन्याला आठ हजार पडली, दोन नमुन्यांचे सोळा हजार. दरपत्रकावर कर धरला आहे का हे आम्ही विचारलं नव्हतं. तो आणि अडीअडचण मिळून अकरा हजार. एकूण एक लाख एकाहत्तर हजार, म्हणजे माणशी सत्तावन्नशे रुपये. मी आधी दीड हजार सांगितले होते. बैठकीत हा आकडा वाचताना माझा आवाज बसला होता.

आणि हा फक्त एका वर्षाचा खर्च. भात-भाजीसारख्या हंगामी पिकाला पेरणीच्या आधी दोन वर्षांचा रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेती सोडून सेंद्रियात येण्याचा, काळ लागतो, आंब्यासारख्या झाडांना पहिल्या तोडणीआधी तीन वर्षांचा. म्हणजे तिसऱ्या पावसाळ्यात पेरलेलं भात कुठे सेंद्रिय म्हणून विकता येतं. पुढच्या दोन वर्षांत प्रशिक्षण निम्म्यावर आणलं तरी दर वर्षाचे एक लाख एकोणसाठ हजार. तीन वर्षांचे चार लाख एकोणनव्वद हजार होतात, आणि ते जवळजवळ सगळे पहिला सेंद्रिय दाणा विकायच्या आधी जातात. तुमचा हिशेब एका वर्षाच्या कागदावर असेल तर तो आजच तीन वर्षांचा करा.

हा पैसा कोणतं पीक फेडणार, याचं उत्तर मला कागदावर मांडल्यावर मिळालं. आमचं भात एकरी आठ क्विंटल धरलं तर तीनशे साठ क्विंटल. निम्मं घरी खायला राहतं, विकायला एकशे ऐंशी. वर्षाचे एक लाख एकोणसाठ हजार त्यावर टाकले तर क्विंटलला जवळपास नऊशे रुपये बसतात. २०२५-२६ साठी साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आहे. त्याच्यावर नऊशे जास्त मागायचे आणि ते फक्त कागदपत्रांसाठी! एकट्या भाताला हा भार पेलत नाही. तोच खर्च दहा एकर भेंडीवर टाकला, एकरी चार टन धरून, तर किलोला चार रुपये येतात. म्हणून आता आम्ही गटात घेताना विहिरीला माघ-फाल्गुनापर्यंत पाणी असलेले शेतकरी आधी पाहतो.

काही श्रोते विचारतील, सरकारी योजना नाही का? परंपरागत कृषी विकास योजना आहे. तिच्यात तीन वर्षांसाठी हेक्टरी साडेएकतीस हजारांची मदत ठरवलेली आहे. त्यातले पंधरा हजार शेतकऱ्याला निविष्ठांसाठी थेट मिळतात, आणि प्रमाणन व अंशतपासणीसाठी आहेत तीन हजार. आमच्या सुमारे अठरा हेक्टरांना ते चोपन्न हजार होतात, तेही तीन वर्षांचे मिळून. आमचा एजन्सी आणि प्रयोगशाळेचा खर्च वर्षालाच एकसष्ट हजार. मदत जरूर घ्यावी, पण बँकेत आल्याशिवाय जमेच्या बाजूला लिहू नये.

तुमचा माल ठाणे, कल्याण, नवी मुंबईतल्या सोसायट्यांतच जाणार असेल, तर पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धत पाहा. तिच्यात पाच शेतकऱ्यांचाही गट चालतो, शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, आणि एजन्सीची मोठी फी वाचते. डायरी मात्र तिथेही सुटत नाही. आम्हाला भेंडी परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायची होती, म्हणून आम्ही एजन्सीच्या प्रमाणनाचा रस्ता घेतला. गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरवा, मग दरपत्रक मागवा. आणि २०२५ च्या सुधारित नियमांत गटाला कायदेशीर अस्तित्व लागतं. शेतकरी कंपनी किंवा सहकारी संस्था आधीपासून नसेल, तर त्या नोंदणीचा आणि दरवर्षीच्या हिशेब तपासणीचा खर्चही ओळीत धरा.

शेवटी एक गोष्ट, आमच्या एका भावाची. दुसऱ्या वर्षी त्याच्या भातावर तुडतुडे पडले आणि रात्रीत त्याने रासायनिक औषध मारलं. सोमवारी आमची मुलगी गेली तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं. आम्ही त्याच दिवशी ते डायरीत लिहिलं, त्याचं शेत मंजूर यादीतून काढलं, एजन्सीला कळवलं. लपवलं असतं आणि नमुना त्याच शेतातून गेला असता, तर प्रश्न उरलेल्या एकोणतिसांचा झाला असता. गटात किमान पंचवीस शेतकरी लागतात, म्हणून तीस घेऊन सुरुवात केली होती ते बरं झालं. त्याचा रूपांतराचा काळ आता पहिल्यापासून मोजला जातोय, आणि वर्गणीचा हप्ता तो अजून भरतो.

आम्ही ती वर्गणी तीन हप्त्यांत घेतो, एकोणीसशे रुपये एका वेळी. पहिला हप्ता भात विकल्यावर, दुसरा भेंडीच्या तोडणीत, तिसरा अक्षय्य तृतीयेला. पावती तीच मुलगी देते, सोमवारी, डायरीसोबत. नमस्कार.