लगाम सुटतो तेव्हा

(दृश्य: काळा पडदा. फक्त हृदयाचे ठोके, मिनिटाला १०० च्या गतीनं.)

हे ठोके ऐका. कुणीतरी धापा टाकत जिना चढून आलंय, असंच वाटेल. पण हा माणूस पलंगावर स्वस्थ पडलेला आहे. फक्त त्याच्या हृदयावर चालणारा दोन्ही प्रकारच्या नसांचा अंमल औषधं देऊन थोड्या वेळापुरता थांबवलेला आहे. मेंदूकडून कुठलाच निरोप येत नसेल, तर तरुण माणसाचं हृदय आपल्या मर्जीनं साधारण याच गतीनं चालतं. उजव्या कर्णिकेच्या भिंतीत सायनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. ठोक्याची विद्युत लहर तिथूनच निघते, कुणी न सांगता.

मग शांत बसलेल्या माणसाची नाडी ६५-७० का लागते? कारण विश्रांतीत हृदयाचा लगाम सतत खेचलेला असतो.

तो खेचते व्हेगस नस. मेंदूच्या तळाशी उगम पावून ती मानेतून छातीत आणि पुढे पोटात उतरते. परानुकंपी चेतासंस्थेतली ही सगळ्यात मोठी नस. गती वाढवणाऱ्या अनुकंपी नसा मात्र पाठीच्या कण्यालगतच्या गाठींमधून येतात. दोन्ही मिळून स्वायत्त चेतासंस्था. ताणात अनुकंपी, विसाव्यात परानुकंपी, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यात चूक नाही. पण एक चालू झाली की दुसरी बंद पडते, असं जे चित्र त्यातून मनात बसतं, ते फसवं आहे.

(दृश्य: मुलाखतीसाठी थांबलेली एक तरुणी. कोपऱ्यात नाडीचा आकडा: ६८.)

तिचं नाव पुकारलं जातं. ती उभी राहते.

उभं राहताच अर्धा लिटरभर, कधी त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, दाब घसरू लागतो. मानेतल्या धमनीच्या भिंतीत आणि महाधमनीच्या कमानीत दाबाची जाणीव असलेली चेतातंतूंची टोकं असतात. दाब कमी झाला की त्यांच्याकडून मेंदूकडे जाणारे संदेश विरळ होतात. त्यात नाव ऐकून पोटात गोळा आलेला असतोच.

अशा वेळी अ‍ॅड्रिनलीन उसळलं, असं आपण म्हणतो. पण पहिल्या दोन-तीन सेकंदांत अ‍ॅड्रिनलीनचा जवळजवळ काहीच संबंध नसतो. पहिली हालचाल व्हेगसची, आणि तीही काही करण्याची नाही, तर करत असलेलं थांबवण्याची. लगाम ढिला होतो, आणि हृदय आपल्या मूळ गतीकडे झेपावतं.

(दृश्य: आकडा झपाट्यानं वर. ८०, ८८, ९४.)

ही चपळाई रसायनातून येते. व्हेगसच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन पाझरतं. ते सायनस नोडच्या पेशींवर बसलं, की पोटॅशियम बाहेर जाण्याचे मार्ग उघडतात आणि पुढचा ठोका लांबतो. हे द्रव्य तिथल्या तिथे, क्षणात मोडून टाकणारं एन्झाइमही शेजारीच हजर असतं. म्हणून व्हेगसचा अंमल एका ठोक्यात बसतो आणि तितक्याच लवकर उठतो.

अनुकंपी नसा नॉरअ‍ॅड्रिनलीन सोडतात. ते पेशीच्या आत पायरीपायरीनं काम करतं. परिणाम दिसायला एक-दोन सेकंद लागतात, आणि तो पूर्ण भरात यायला वीस-तीस सेकंदही जातात. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून निघालेलं अ‍ॅड्रिनलीन तर रक्तातून प्रवास करत येतं, आणि ओसरायलाही मिनिटं घेतं. तरुणी दारापाशी पोचेपर्यंत हे दोन्ही कामाला लागलेले असतात. पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब सावरतो. तळहात ओले होतात, तेही अनुकंपी नसांमुळेच.

(दृश्य: जुनी प्रयोगशाळा. काचेच्या भांड्यांत बेडकाची दोन हृदयं.)

नसा रसायनांतून बोलतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली दाखवलं. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस त्यांनी उत्तेजित केली, ते हृदय मंदावलं. मग त्याभोवतालचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याच्या नसेला हात न लावताही तेही मंदावलं. प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली, असं लोवी सांगत. १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आता ज्या हृदयाला या नसाच नाहीत, ते पाहू. प्रत्यारोपण करताना रक्तवाहिन्या जोडता येतात, नसा जोडता येत नाहीत. अशा माणसाची विश्रांतीतली नाडीही नव्वद-शंभरच्या घरात असते. तो उभा राहिला, तरी आकडा लगेच हलत नाही. चालू लागला, तर रक्तातलं अ‍ॅड्रिनलीन वाढेल तशी नाडी काही मिनिटांत हळूहळू चढते. आणि थांबल्यावरही ती आणखी थोडी वाढू शकते, कारण अ‍ॅड्रिनलीन अजून रक्तात फिरतंच आहे. म्हणून या रुग्णांना व्यायामाआधी आणि नंतर शरीराला पुरेसा वेळ द्यायला सांगतात. काहींमध्ये वर्षांनंतर थोड्या नसा परत वाढतात, तो भाग वेगळा.

(दृश्य: ट्रेडमिलवरून उतरणारा माणूस. घड्याळात एक मिनिट.)

नसा शाबूत असलेला माणूस धावून थांबतो, तेव्हा पहिल्या मिनिटातच नाडी ठळकपणे खाली येते. अनुकंपी जोर इतक्यात ओसरलेला नसतो. उतरण मुख्यतः व्हेगस परतल्यामुळे होते. म्हणून डॉक्टर ताण-चाचणीनंतरच्या पहिल्या मिनिटाकडे लक्ष देतात. चालत चालत थंडावताना या मिनिटात नाडी बारा किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली, तर ते चांगलं लक्षण मानत नाहीत.

लगाम कमजोर होण्याचं एक मोठं कारण म्हणजे जुना मधुमेह. त्यात लांब नसांना आधी इजा होते, आणि व्हेगस फार लांब आहे. तपासणी अगदी साधी आहे. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असं मिनिटभर करायला सांगतात आणि ईसीजी चालू ठेवतात. श्वास घेताना व्हेगस ढिली पडते, सोडताना आवळते. तरुण, निरोगी माणसात दोन्ही टोकांमधला फरक मिनिटाला पंधरा ठोक्यांहून जास्त भरतो. तो दहाच्या खाली गेला, की शंका घेतात, वयाचा हिशेब धरूनच. पुढे अनुकंपी नसाही बिघडल्या, तर उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब वीस किंवा त्याहून जास्त अंकांनी घसरतो, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

(दृश्य: थंडगार पाण्यात उडी. पाण्याखाली चेहरा.)

दोन्ही बाजू एकाच वेळी जोरात असतात, असाही प्रसंग येतो. अंगाला गार पाण्याचा चटका बसला, की अनुकंपी नसा हृदयाला पळवतात. चेहरा पाण्याखाली, श्वास रोखलेला, म्हणून व्हेगस त्याच क्षणी लगाम खेचते. या ओढाताणीत निरोगी माणसांच्या ईसीजीतही अधूनमधून वेडेवाकडे ठोके उमटलेले दिसतात, विशेषतः रोखलेला श्वास सुटतो त्या सुमारास. बहुतेकांना ते जाणवतही नाहीत. ज्यांच्या हृदयाच्या विद्युत लहरीत जन्मजात दोष आहे, त्यांच्यासाठी मात्र अशी उडी जीवघेणी ठरू शकते.