लेयर्ड थ्रिफ्ट लुकच्या फोटोला कॅप्शन: जे कमी दिसतं तेच जास्त लिहा

हाय, तर आज एकाच फोटोचं कॅप्शन लिहायचंय. हा बघा फोटो. (फोटो स्क्रीनवर) डिसेंबरची सकाळ, पुण्यातली थंडी, अंगावर वरचे तीन थर आणि खाली पँट, आणि यातली एकही गोष्ट नवीन नाहीये.

माझा पहिला ड्राफ्ट होता "थ्रिफ्टेड लेयर्स, विंटेज व्हाइब्स". यातून काय कळलं? काहीच नाही, हेच कॅप्शन कुठल्याही जॅकेटवाल्या फोटोखाली चालेल. आणि लेयरिंगच्या फोटोत अडचण अशी असते की सगळ्यात बाहेरचा कपडा पूर्ण दिसतो, मधल्याची कॉलर आणि थोडी कड दिसते, आणि आतल्याची तर जेमतेम चार बोटं पट्टी. म्हणून मी जॅकेटवर कमी शब्द खर्च करते आणि आतल्या कपड्याला जास्त देते, कारण ते काम फोटो करूच शकत नाही.

आता जॅकेट. कॉरडरॉय आहे हे दिसतंच, पण त्याच्या उभ्या रेघा बारीक की जाड हे फोन कॅमेऱ्यात सपाट होऊन जातं. पट्टी ठेवून मोजल्या तर एका इंचात ८ रेघा, म्हणजे जाड. कॅप्शनमध्ये आकडा टाकायची गरज नाही, "जाड रेघांचं" एवढं बास. आणि एक खूण हवीच, जी फक्त याच जॅकेटवर आहे. (क्लोजअप) हे तिसरं बटण बघा, बाकीची चार भोकांची, हे दोन भोकांचं आणि दोरा पण वेगळाच, आधीच्या कुणीतरी घरी टाकलेलं. हे लिहायचंच.

मग शर्ट. चौकड्या दिसल्या की आपण लगेच "फ्लॅनेल" लिहून मोकळे होतो, पण फ्लॅनेल हे डिझाइनचं नाव नाही, कापडाचं आहे, त्याच्यावर मऊ लव काढलेली असते. बोट फिरवून बघा, किंवा खिडकीशी तिरकं धरा, लव उभी दिसते. माझ्या शर्टवर आहे, कोपरावर मात्र झिजून गेलीये आणि तिथे कापड विरलंय. लव नसती तर मी नुसतं "चेक्सचा कॉटन शर्ट" लिहिलं असतं.

कापडाबद्दल मी एवढी काटेकोर का झाले सांगते. एकदा एका स्वेटरबद्दल विक्रेता म्हणाला प्युअर वूल, मी तसंच कॅप्शन टाकलं, आणि ते वाचून मैत्रिणीने त्याच्याकडून तसलाच स्वेटर घेतला. नंतर माझ्या स्वेटरचा एक धागा काढून चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळला, तर वितळून काळा कडक मणी झाला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरता येते. म्हणजे तो स्वेटर सिंथेटिक होता, मला फार वाईट वाटलं. कॅप्शन बदललं, पण तिचे पैसे गेले ते गेले.

आता सगळ्यात आतलं, खणाचं पोलकं, आजीचं. रंग "मरून" लिहिला होता, पण उजेडात नेऊन बघितलं तर तो आमसुली आहे, काळपट जांभळट लाल, घरातल्या बल्बखाली उगाच तपकिरी दिसतो. आपल्याकडे साड्यांच्या रंगांची इतकी नेमकी नावं आहेत, डाळिंबी, शेवाळी, मोतिया, ती वापरा ना! गुळेदगुड्डचा खण असं लिहायचा मोह झाला होता, कर्नाटकातलं हे गाव हातमागावरच्या खणासाठी ओळखलं जातं, पण हल्ली पॉवरलूमवर पण खण निघतो आणि हा कुठला ते विचारायला आजी नाहीये, म्हणून फक्त खण. आणि हे विकत घेतलेलं नाही, त्यामुळे ते थ्रिफ्टमध्ये न घुसवता "आजीचं" असंच लिहिलं.

तर फायनल कॅप्शन हे:

"बाहेर जाड रेघांचं मातकट कॉरडरॉय जॅकेट, तिसरं बटण परकं (जुना बाजार, ३५० रु.). मधे शेवाळी-पांढऱ्या चौकड्यांचा फ्लॅनेल शर्ट, कोपरं विरलेली (तिथलाच, १५० रु.). सगळ्यात आत आजीचं आमसुली खणाचं पोलकं, काठ काळा, काखेत उसवून सैल केलेलं, जुन्या शिवणीची रेघ अजून दिसते. खाली बाबांची राखाडी टेरीकॉट पँट, कंबर २ इंच आत."

बाहेरून आत, मग खाली, कारण फोटोत नजर पण तशीच जाते. इन्स्टाग्रामवर "more" च्या आधी जेमतेम पहिलं वाक्य दिसतं, म्हणून बटण तिथेच घेतलं. आणि दुसरा फोटो मी पोलक्याच्या काखेचा टाकतेय, त्या शिवणीचा.