आण्णा आणि डॉक्टर मॅडम, एकाच माइकवर

नमस्कार मंडळी, आज माइकवर दोघं जण आहेत, दोघंही सर्पदंशावरच बोलणार आहेत, आणि या दोघांना शेजारी शेजारी का बसवलं ते आधी सांगते.

जो आवाज सावकाश, जरा खर्जातला येईल ते आपले आण्णा, गोठ्यातून, न्हाणीतून साप पकडून रानात सोडणारे. कुठला साप कुठल्या वेळी घरात शिरतो हे त्यांना तोंडपाठ. आणि भराभर बोलणाऱ्या त्या डॉक्टर मॅडम, ग्रामीण रुग्णालयातल्या, त्या म्हणतात मला साप दाखवू नका, पेशंट दाखवा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातला एक मुलगा जमिनीवर झोपला होता, पहाटे पोट दुखायला लागलं, घरच्यांनी ॲसिडिटीची गोळी दिली, कारण अंगावर ना खूण ना सूज. आण्णा शेजारीच राहतात, त्यांनी बघितलं की पोराच्या पापण्या मिटायला लागल्यात, उघड म्हटलं तरी उघडत नाहीत. मण्यार रात्रीच फिरते, दात एवढे बारीक की झोपेत कळतही नाही, म्हणून त्यांनी कुणाचं काही न ऐकता त्याला गाडीत घातलं. मॅडमनी सापाची वाट बघितली नाही, लक्षणं बघून प्रतिविषाच्या 10 बाटल्या सलाईनमधून तासाभरात दिल्या. तरी श्वास मंदावला, कारण मण्यारचं विष नसांच्या टोकाला एकदा चिकटलं की प्रतिविष ते सोडवू शकत नाही, मग श्वास देणारा फुगा हाताने दाबत मोठ्या दवाखान्यात नेलं, काही दिवस व्हेंटिलेटर, आणि पोरगं घरी आलं. आण्णा नसते तर ते दवाखान्यात उशिरा पोचलं असतं, मॅडम नसत्या तर पोचूनही उपयोग नव्हता. म्हणून ही जोडी.

पण दोघांचं सगळंच जमतं असं नाही हं. आण्णा म्हणतात लांबून फोटो मिळाला तर आणा, मॅडम म्हणतात नकोच, त्या नादात वेळ जातो आणि कधीकधी दुसऱ्यालाही चावतो. घोणस चावली असेल तर त्या स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घेतात, 20 मिनिटं अजिबात हलवत नाहीत, मग नळी तिरपी करतात, रक्त गोठलं नसेल तर विष अंगात भिनलंय. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही आणि उगाच चुकीचा निकाल येतो. यावर मॅडम पुढे सविस्तर बोलतीलच.

तर आण्णा, सुरुवात तुम्हीच करा. काल एका ताईंचा फोन आला होता, त्यांच्याकडे कवड्या, म्हणजे बिनविषारी साप, निघाला आणि सगळे मण्यार मण्यार म्हणून पळाले. तुम्ही मला म्हणाला होतात, कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे डोक्यामागे थोडी जागा सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. पण अंधारात, बॅटरीच्या उजेडात, हे दिसतं का हो?