पुस्तक उघडं, हात फोनवर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी मी एक उद्योग करून पाहिला. वाचायला बसताना पेन्सिल जवळ घ्यायची आणि वाचता वाचता हात फोनकडे गेला, की ज्या ओळीवर असू तिच्या शेजारी समासात एक टिंब द्यायचं. बाकी काहीही बदलायचं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत अकरा टिंबं पडली. गंमत म्हणजे तेवढ्या वेळात फोन वाजला होता फक्त दोनदा. उरलेल्या नऊ वेळा मला कुणीही बोलावलं नव्हतं. मी आपणहून उठून गेलो होतो.

तोवर मी सगळा दोष फोनच्या टुणटुण आवाजाला देत होतो. आवाज बंद केला की वाचन सुरळीत होईल, अशी माझी समजूत. पण कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं लोक स्क्रीनसमोर कसे काम करतात हे मोजलं आहे. २००४च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या काही वर्षांत ते ४७ सेकंदांवर आलं. आणि त्यांच्या नोंदींत असंही दिसतं, की कामात येणाऱ्या व्यत्ययांपैकी जवळजवळ निम्मे माणूस स्वतःच आणतो. बाहेरचा आवाज बंद करता येतो, पण या आतल्या हाकेला बटण नाही.

आठवडाभराने मी ती पानं पुन्हा चाळली. टिंबं कुठे पडली होती? मला वाटलं होतं, कंटाळवाण्या भागात. तसं नव्हतं. बहुतेक टिंबं होती वाक्य लांब झालं तिथे, एखादं नवं पात्र आलं आणि "हा कोण बरं?" असा प्रश्न पडला तिथे, परिच्छेद संपला त्या फटीत. म्हणजे डोक्याला जरासा चढ लागला, की हात सुटकेची वाट शोधत होता.

त्यातलं सगळ्यात लबाड टिंब म्हणजे अर्थ बघायचं. एक शब्द अडला, "चटकन बघून घेतो" म्हणून फोन घेतला आणि परत पुस्तकावर आलो तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. शब्दाचा अर्थ पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळला होता. हा व्यत्यय अभ्यासूपणाचं सोंग घेऊन येतो, म्हणून त्याचा रागही येत नाही. त्यावर मी एक साधा उपाय केला. पुस्तकात खुणेसाठी कागदाची पट्टी असतेच, त्या पट्टीवर अडलेला शब्द लिहायचा, "विजेचं बिल भरायचंय" असलं काही आठवलं तर तेही लिहायचं आणि पुढे जायचं. वाचन संपल्यावर पट्टी बघायची. निम्म्या शब्दांचा अर्थ पुढच्या पानावरच लागलेला असतो.

आता फोन ठेवायचा कुठे? २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणांचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा पिशवीत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवून त्यांना बुद्धीची कोडी घातली. दुसऱ्या खोलीवाल्यांनी सर्वांत चांगली सोडवली, फोन सगळ्यांचेच मुके असताना. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दरवेळी तसाच फरक दिसला नाही, म्हणून त्यावर मी फार भार देत नाही. माझं कारण साधं आहे. हाताशी असलेला फोन उचलला जातो, आपल्याला कळायच्या आत. दुसऱ्या खोलीतला फोन आणायला उठावं लागतं, आणि उठताना आपण काय करतोय हे आपल्याला दिसतं. घरच्यांच्या फोनची काळजी असेल तर रिंग मोठी ठेवा, इंटरनेट बंद करा. हाक ऐकू येतेच. मात्र वेळ बघायला एक घड्याळ लागतं. ते नसलं, की "किती वाजले" या निमित्ताने सगळं मुसळ केरात.

फोन दूर ठेवूनही पहिली काही मिनिटं वाईटच जातात, हे आधीच सांगितलेलं बरं. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली या गोष्टीला लक्षाचा अवशेष असं काहीसं नाव दिलं. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो, तर मनाचा एक तुकडा आधीच्या कामापाशीच घुटमळत राहतो. संदेश वाचला, उत्तर दिलं नाही आणि पुस्तक उघडलं, तर पहिल्या पानावर आपण त्या उत्तराचीच जुळवाजुळव करत असतो. माझी टिंबंही बरीचशी पहिल्या आठ मिनिटांतच पडायची. म्हणून बसण्याआधी मी राहिलेल्या उत्तरांची नावं पट्टीवर उतरवतो. आणि वाचायला सुरुवात काल जिथे थांबलो तिथून करत नाही, त्याच्या एक पान मागून करतो. ओळखीच्या मजकुरावर मन लवकर बसतं. नवं पान येईपर्यंत ती खडबडीत मिनिटं निघून गेलेली असतात.

अजून एक फसवणूक आहे, तिला टिंबंही पकडत नाहीत. डोळे ओळींवरून सरकतात, पान उलटतं आणि आत काहीच गेलेलं नसतं. ती ओळखायची एक खूण आहे. पान उलटताना क्षणभर थांबून मनातल्या मनात एक वाक्य बोलायचं: कोण होतं, काय झालं. वाक्य जमलं नाही, तर शेवटचं जे आठवतंय तिथवर मागे यायचं. मला सुरुवातीला पान-दीड पान मागे यावं लागायचं.

वेळेचं म्हणाल, तर मी आधी रात्री अंथरुणात वाचत होतो आणि दुसऱ्या पानावर झोपत होतो. नंतर सकाळी आंघोळ झाली, की वीस मिनिटं असं बांधून घेतलं. घड्याळाच्या वेळेपेक्षा रोज न चुकता होणाऱ्या कामाच्या शेपटाला वाचन बांधलेलं बरं; आंघोळ उशिरा झाली तरी वाचन तिच्या मागोमाग येतं. लंडनमध्ये ९६ जणांवर बारा आठवडे झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण हा आकडा कुणाचा १८ होता, तर कुणाचा २५४ निघेल असा अंदाज होता. एकवीस दिवसांची जी गोष्ट ऐकवली जाते, ती विसरून जा. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. मला याचा मोठा आधार वाटला. कारण माझी आजवरची प्रत्येक सवय दुसऱ्या दिवशीच्या खाड्यापेक्षा त्या खाड्याच्या अपराधी भावनेनेच मेली होती.

तिसऱ्या आठवड्यात माझी टिंबं चारवर आली, सहाव्यात एक-दोनवर. मग मी चढेल होऊन एक जाडजूड वैचारिक पुस्तक काढलं आणि टिंबं सरळ नऊवर गेली. ते चार दिवसांनी मिटवलं. पुढचा महिना पुन्हा गोष्टींचीच पुस्तकं वाचली, आणि मग ते जाडं पुस्तक दहा-दहा मिनिटांनी घेतलं. अजून चालू आहे.

मध्यंतरी ते पहिलं टिंबांचं पुस्तक पुतणीने वाचायला नेलं. परत देताना म्हणाली, "काका, तुम्ही खुणा केलेल्या ओळी मी दोन-दोनदा वाचल्या, पण त्यांत विशेष काय आहे ते कळलं नाही." मी म्हटलं, "मलाही नाही कळलं गं. मी तिथे नव्हतोच."

नमस्कार.